उधारीची मुदत वाढवावी काय? वाढीव नफा आणि अडकलेला पैसा

मालेगावचे आमच्या परिचयाचे एक यंत्रमागधारक गेल्या मोसमात आमच्याकडे एक प्रश्न घेऊन आले. त्यांचे बारा माग आहेत, आणि बहुतेक दिवस ते एकाच पाळीत चालतात. महिन्याला दोन हजारांच्या आसपास साड्या निघतात, आणि त्या ठरलेल्या व्यापाऱ्यांना तीस दिवसांच्या उधारीवर जातात. दलालाने त्यांना सांगितले होते, "तीस दिवसांच्या जागी साठ दिवस द्या, अकोला-वाशीमकडची नवी गिऱ्हाइके मी जोडून देतो. महिन्याला चारशे साड्या जास्त उचलल्या जातील." मागांना दुसऱ्या पाळीची सवड होतीच. त्यांनी आम्हाला विचारले, "भाई, माल उठतोय तर मुदत द्यायला हरकत काय?"

हरकत आहे की नाही हे बोलून ठरत नाही, मांडून ठरते. आम्ही त्यांच्यासमोर वही उघडली आणि हिशेब मांडला. तोच हिशेब येथे देत आहोत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. वाचकांनी आपल्या धंद्याचे आकडे त्याच जागी घालून पाहावेत.

पहिली गोष्ट, जादा विक्रीवर खरा नफा किती? त्यांच्या साडीचा भाव २५० रुपये. सूत, रंगाई, सायझिंग, कांडी भरणे, विणकराची मजुरी, वीज, घडी-बांधणी आणि दलाली धरून एका साडीवर २१५ रुपये खर्च होतो. शिवाय शेडचे भाडे, मुनीमाचा पगार, मागांची दुरुस्ती असा बांधीव खर्च साडीमागे २० रुपये पडतो. म्हणजे एकूण २३५ आणि नफा १५ रुपये. आमच्या मित्राने चारशे साड्यांचा जादा नफा याच पंधरा रुपयांनी काढला होता, ६,००० रुपये. येथे त्यांची चूक झाली, आणि ही चूक स्वतःच्याच विरुद्ध झालेली होती. शेडचे भाडे आणि मुनीमाचा पगार चारशे साड्या जास्त निघाल्या म्हणून वाढत नाही. तो खर्च जुन्या दोन हजार साड्यांनी आधीच उचलला आहे. म्हणून नव्या साडीवर मिळतात ते २५० वजा २१५, म्हणजे ३५ रुपये. चारशे साड्यांचे महिन्याला १४,००० रुपये.

मात्र हे पस्तीस रुपये माग रिकामे आहेत तोवरच. दुसऱ्या पाळीला विणकर मिळत नसेल आणि त्याला साडीमागे पाच रुपये जास्त द्यावे लागत असतील, तर पस्तिसाचे तीसच उरतात. सगळे माग दोन्ही पाळ्या भरून चालत असतील, तर जादा मालासाठी नवा माग घ्यावा लागेल आणि मग हा हिशेबच वेगळा होईल. आमच्या मित्राकडे एक पाळी मोकळी होती आणि त्याच दराने काम करणारा विणकरही होता. म्हणून आपण १४,००० धरू.

दुसरी गोष्ट, या चौदा हजारांसाठी किती पैसा अडकतो? आज ते महिन्याला पाच लाखांचा माल देतात आणि पैसे तीस दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी वही उघडली तर बाजारात साधारण पाच लाख येणे दिसते. मुदत साठ दिवस केली आणि विक्री सहा लाखांवर गेली, तर दोन महिन्यांचा माल, म्हणजे बारा लाख, येणे दिसेल. वाढ सात लाखांची.

परंतु हे सातही लाख त्यांच्या खिशातून गेलेले नाहीत. नव्या गिऱ्हाइकांकडे दोन महिन्यांच्या आठशे साड्या अडकतील. त्या साड्या नव्या मुदतीशिवाय विकल्याच जाणार नव्हत्या. म्हणून तेथे अडकतो तो आपला खर्च, साडीमागे २१५ रुपये, एकूण १ लाख ७२ हजार. जुन्या गिऱ्हाइकांची गोष्ट वेगळी आहे. ते आज तीस दिवसांनी पूर्ण अडीचशे रुपये देतच होते. आता तेच पूर्ण पैसे एक महिना उशिरा येणार. तेथे दोन हजार साड्यांचे, २५० रुपयांनी, पाच लाख रुपये अडकले. दोन्ही मिळून ६ लाख ७२ हजार.

या दोन आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. माल वाढला तो नव्या गिऱ्हाइकांमुळे, पण पैसा अडकला तो मुख्यतः जुन्यांकडे. त्यांनी एक साडीही जास्त घेतलेली नाही. मुदत वाढवण्याच्या निर्णयात कारखानदार बहुधा येथेच फसतो, कारण त्याच्या डोळ्यासमोर नवी गिऱ्हाइके असतात आणि जुनी गिऱ्हाइके त्याच्या हिशेबात येतच नाहीत.

आता या पैशाची किंमत किती धरायची? ज्यांनी बँकेकडून कॅश क्रेडिट घेतले आहे, ते बँकेचा दर धरतात. आमच्या मित्राने बँकेचे कर्ज घेतलेले नाही. ते म्हणाले, "पैसा माझा आहे, व्याज कुणाला द्यायचे नाही, मग किंमत कसली?" हा समज आपल्या बांधवांत बराच पसरलेला आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. ते सूत रोखीने घेतात. त्यांचा सूत व्यापारी रोखीला किलोमागे २०० रुपये घेतो आणि महिन्याच्या उधारीला २०३. आता पाच-सहा लाख साड्यांच्या येण्यात अडकले तर त्यांना सूत उधारीने घ्यावे लागेल. म्हणजे दोनशे रुपयांवर महिन्याला तीन रुपये, शेकडा दीड रुपया. वर्षाचा अठरा. व्याज देणे-घेणे नसले तरी पैशाला काम असते, आणि ते काम सुटले तर तितके नुकसान होते. ज्याचा भागीदार नफ्यातील वाट्यावर पैसा घालतो, त्याने तो वाटा धरावा. ज्याने सराफाकडे किंवा नात्यात हात पसरून पैसा आणला आहे, त्यानेही प्रामाणिकपणे विचारावे की हा पैसा साड्यांत अडकला नसता तर काय कमावले असते. उत्तर शून्य येत असेल तरच पैसा फुकट समजावा.

दीड टक्क्याने ६ लाख ७२ हजारांची महिन्याची किंमत होते १०,०८० रुपये. चौदा हजारांतून ती वजा केली की उरतात ३,९२०. अजून दोन खर्च राहिले आहेत. नवी गिऱ्हाइके अनोळखी आहेत. त्यांच्या महिन्याच्या एक लाखाच्या मालात शेकडा तीन बुडाले तरी तीन हजार गेले. वसुलीसाठी माणूस पाठवणे, एसटीचे भाडे, फोन, एखादी रात्र लॉजवर, हे महिन्याला दोन हजार धरू. एकूण पाच हजार. म्हणजे चौदा हजारांचा जादा नफा दिसत असताना महिन्याला १,०८० रुपयांचा तोटा. दुप्पट काम, दुप्पट धावपळ, आणि घरात पैसा कमी.

बुडीत रकमेविषयी एक गोष्ट सांगायला हवी. अडीचशेच्या साडीचे पैसे आले नाहीत, तर खिशातून २१५ गेले. प्रत्येक जादा साडीवर ३५ मिळतात. म्हणजे एक साडी बुडाली की सहाहून अधिक साड्यांची कमाई ती भरून काढण्यात जाते. ज्यांच्या मालात नफा याहून पातळ आहे, त्यांनी हा भागाकार स्वतःच्या आकड्यांनी जरूर करून पाहावा. लोखंडी कपाटे किंवा चामड्याच्या पिशव्या बनवणाऱ्या कारागिराचा गुणाकार वेगळा येईल. ज्याच्या मालात मजुरीचा आणि कसबाचा वाटा जास्त आणि कच्च्या मालाचा कमी, त्याला उधारी जास्त सोसते. सुतासारखा महागडा कच्चा माल आधी रोखीने भरून मग माल उधार देणाऱ्याला ती कमी सोसते.

हा हिशेब पाहून आमचे मित्र हिरमुसले. पण दलालाचा प्रस्ताव संपूर्ण टाकून देण्यासारखा नव्हता. मुदत फक्त नव्या गिऱ्हाइकांना दिली तर काय होते? तेव्हा अडकतात १ लाख ७२ हजार, त्यांची दीड टक्क्याने किंमत २,५८०. बुडीत तीन हजार आणि वसुली दोन हजार. एकूण ७,५८०. चौदा हजारांतून ते गेले की ६,४२० रुपये दर महिना शिल्लक. तोच माल, तीच गिऱ्हाइके, पण जुन्यांची मुदत न बदलल्याने तोट्याचा नफा झाला.

यावर कोणीही म्हणेल की बाजारात गोष्ट लपत नाही. अकोल्याच्या व्यापाऱ्याला साठ दिवस मिळतात हे नाशिकच्या जुन्या व्यापाऱ्याला आज ना उद्या कळणारच. खरे आहे. म्हणून किती गळती सोसता येईल तेही आधीच काढून ठेवावे. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दर शेकडा दहा भाग साठ दिवसांवर सरकला की ५० हजार आणखी एक महिना अडकतात, त्यांची किंमत ७५० रुपये. ६,४२० ला ७५० ने भागले तर साडेआठ येतात. म्हणजे जुन्या मालाचा साधारण ८५ टक्के भाग सरकेपर्यंत तोटा होत नाही. पण निम्मा सरकला तरी ६,४२० चे २,६७० राहतात, आणि तेवढ्यासाठी दुसरी पाळी चालवायची काय, हा ज्याचा त्याचा विचार.

जुन्या गिऱ्हाइकाने मुदत मागितलीच, तर तिचा भाव वेगळा ठेवता येतो. अडीचशेवर दीड टक्का म्हणजे पावणेचार रुपये होतात. तेव्हा तीस दिवसांना २५० आणि साठ दिवसांना २५४, असे दोन भाव सौदा ठरतानाच सांगावेत आणि गिऱ्हाइकाने त्यातील एक निवडावा. निवडलेला भाव बिलावर एकच लिहावा. मुदत टळल्यानंतर वरून रक्कम चढवणे मात्र व्याजात जाते, आणि ते आपल्याला करायचे नाही. व्यवहार लिहून ठेवा आणि मुदत निश्चित करा ही आपल्याला मिळालेली शिकवण येथे शुद्ध व्यापारी अर्थानेही उपयोगाची आहे. तोंडी दिलेली "पाहू, सवडीने द्या" ही मुदत कितीची ते कोणत्याच वहीत सापडत नाही.

कागदावरची मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत यांत फरक असतो, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. पण हिशेबात तो धरत नाही. साठ दिवसांची मुदत घेणारा नवा माणूस नव्वदाव्या दिवशी पैसे देत असेल, तर वरच्या उदाहरणात त्याच्याकडे १ लाख ७२ हजार नव्हे, २ लाख ५८ हजार अडकतात आणि किंमत ३,८७० होते. शिल्लक ६,४२० वरून ५,१३० वर येते. हे ओळखायची सोपी रीत अशी. महिनाअखेरचे एकूण येणे घ्यावे, त्याला महिन्याच्या विक्रीने भागावे आणि तिसाने गुणावे. येणे बारा लाख आणि विक्री सहा लाख असेल तर साठ दिवस निघतात.

पण ही रीत सणाच्या मोसमात फसवते. समजा दिवाळीच्या आधीच्या महिन्यात आठ लाखांची विक्री झाली आणि येणे बारा लाख आहे. भागाकार पंचेचाळीस दिवस सांगतो, आणि माणूस खूश होतो. पण त्या बारा लाखांत आठ लाख याच महिन्याची ताजी बिले आहेत. उरलेल्या चार लाखांत तीन महिन्यांपूर्वीचे एखादे बिल कधीचे रुतून बसले असेल ते या भागाकारात दिसत नाही. पुढच्या महिन्यात विक्री चार लाखांवर उतरली की तेच येणे अचानक नव्वद दिवसांचे दिसू लागते. म्हणून बिलांच्या तारखा पाहाव्यात. वहीच्या एका पानावर चार रकाने करावेत: तीस दिवसांच्या आतील, तीस ते साठ, साठ ते नव्वद, आणि त्यापुढील. दर महिन्याला बिले त्यांत टाकावीत. शेवटचा रकाना विक्रीपेक्षा वेगाने वाढू लागला, किंवा एखादे गिऱ्हाईक नवा माल उचलताना जुन्या बिलाचे अर्धेच पैसे देऊ लागले, तर त्याची मुदत कागदावर काहीही असो, ती आता त्याने ठरवली आहे असे समजावे. बँका खेळत्या भांडवलासाठी येणे मोजताना साधारणतः नव्वद दिवसांपेक्षा जुनी बिले धरत नाहीत, त्यामागेही हेच कारण आहे.

आता जी गोष्ट नफ्याच्या हिशेबात दिसतच नाही तिच्याकडे वळू. ६ लाख ७२ हजार रुपये पहिल्या दोन महिन्यांतच लागणार होते. जादा चौदा हजार मात्र महिन्या-महिन्याने येणार होते. खर्च वजा न करता सगळेच्या सगळे चौदा हजार साठवले तरी तेवढी रक्कम जमायला चार वर्षे लागतात. तोवर सूत कोण देणार? आम्ही असे कारखाने पाहिले आहेत ज्यांची येण्याची वही भरलेली आणि माग बंद, कारण बीम भरायला सूत नाही. म्हणून मुदत नफ्याची ठरली तरी, लागणारी रक्कम हाताशी आहे काय, हे वेगळे पाहावे. पैसे दोन लाखच असतील तर मुदतही दोन लाखांपुरतीच द्यावी.

जीएसटीचाही येथे हात लागतो. २०१७ पासून माल देताच कर लागू होतो. तो साधारणतः पुढील महिन्याच्या वीस तारखेच्या विवरणपत्राबरोबर भरायचा असतो, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. तीस दिवसांची उधारी असेल तोवर कराचे पैसे साधारण वेळेवर हातात येतात. साठ दिवस केले की कर आधी आपल्या खिशातून जातो. सुतावर भरलेला कर वजा मिळतो, त्यामुळे रक्कम फार मोठी होत नाही, पण ती लागते नेमकी वीस तारखेला. गिऱ्हाइकाने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेली कराची वजावट त्याला परत करावी लागते. जुने बिल वसूल करताना ही गोष्ट सौम्यपणे आठवून दिली तर उपयोग होतो.

कायद्याची दुसरी बाजू उद्यम नोंदणी केलेल्या लहान कारखानदारांसाठी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही त्याला जोड मिळाली: वेळेत न दिलेली रक्कम वर्षअखेर बाकी असेल तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चची बिले आता पूर्वीपेक्षा लवकर मिटण्याची शक्यता असते. उलट, काही व्यापारी अशा नोंदणीकृत कारखान्यांचा माल घ्यायचे टाळू लागले अशा तक्रारीही २०२४ च्या मार्चच्या सुमारास होत्या. हा लाभ माल बनवणाऱ्याला आहे, नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. साठ दिवसांचा करार लिहून दिला तरी कायद्याच्या दृष्टीने मर्यादा पंचेचाळीसच राहते, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

आमच्या मित्राने शेवटी दलालाला असे सांगितले: नवी गिऱ्हाइके आणा, मुदत पंचेचाळीस दिवस. प्रत्येकाला पहिला माल पंचवीस हजारांचा, आणि त्याचे पैसे आल्याशिवाय दुसरा माल नाही. दलालाची निम्मी दलाली माल गेल्यावर आणि निम्मी पैसे आल्यावर. यातील शेवटची अट दलालाला आवडली नाही. पण तिच्यामुळे त्याने आणलेल्या सात गिऱ्हाइकांची नावे स्वतःच पुन्हा तपासली आणि दोन गाळली. उरलेल्या पाचांचा माल चारशे साड्यांपर्यंत गेला नाही, अडीचशेच्या आसपास राहिला. म्हणजे साडीमागे पस्तीस रुपयांनी ८,७५० रुपये. दीड महिन्याच्या मुदतीत त्यांच्याकडे सुमारे ८१ हजार अडकतात, त्यांची किंमत महिन्याला बाराशेच्या आसपास. पहिल्या चार महिन्यांत चौघांनी पैसे वेळेवर दिले. पाचवा साठाव्या दिवसावर गेला आहे, आणि त्याचा पुढचा गठ्ठा अजून मालेगावातच आहे.